लिम्फोसाइट ६२ टक्के: दोन वर्षांच्या बाळाचा रिपोर्ट कसा वाचावा

ताई, तापानंतरच्या रक्ततपासणीत तुमच्या बाळाचे लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ६२ टक्के आले; पण रिपोर्टवरील २० ते ४० टक्के ही मर्यादा बहुधा प्रौढांची आहे. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात आणि विषाणूजन्य तापानंतर ते काही आठवडे आणखी वाढलेले दिसू शकतात. नवे पालक नुसती टक्केवारी पाहतात, ही नेहमीची चूक. एकूण पांढऱ्या पेशी ९,००० असतील, तर ६२ टक्के म्हणजे ५,५८० लिम्फोसाइट, जे या वयात सामान्यच आहे.

हिमोग्लोबिन व प्लेटलेट वयानुसार योग्य असतील, स्मिअरमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्ताच्या थरात, ‘ब्लास्ट’ म्हणजे अपरिपक्व पेशी नसतील (‘रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइट’ म्हणजे संसर्गामुळे सक्रिय झालेल्या लिम्फोसाइट पेशी, हा शेरा अशा तापानंतर येऊ शकतो) आणि मूल ताप उतरून खेळू लागले असेल, तर निश्चिंत राहावे.

मात्र फिकटपणा, कारणाविना निळे-लाल डाग, हाडे दुखणे, वाढत्या गाठी किंवा पुन्हा ताप दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.