सही करू नकोस, अजून नाही

*ताई, आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन सात महिने झाले. शेजारी बसणारी सहकारी त्या कंपनीतून आली. पुरवठादारांची बिलं आम्ही दोघी तपासतो, काम अगदी तेच. तिची पगाराची स्लिप प्रिंटरवर राहिली होती. तिला 100 मिळत असतील तर मला 78. तेव्हापासून तिच्याशी धड बोलवत नाही. एचआरने नव्या ग्रेडसाठी कामाचं वर्णन वाचून शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे. त्यात माझं दोन वर्षांपूर्वीचंच काम लिहिलंय, पण माझं त्यात लक्षच नाही. मी तिच्याशी कसं वागू?*

अगं, तू त्या स्लिपकडेच बघत बसली आहेस आणि तुझा पगार ठरवणारा कागद टेबलावर पडून आहे!

दोन कंपन्यांचे पगार जुळवताना माणसाला माणसाशेजारी उभं करत नाहीत. आधी प्रत्येक काम एका ग्रेडमध्ये बसवतात आणि त्या ग्रेडची पगाराची खालची-वरची मर्यादा ठरवतात. समज, वरच्या ग्रेडची मर्यादा 90 ते 120 आहे आणि खालच्या ग्रेडची 70 ते 95. वरच्या ग्रेडमध्ये बसलीस तर तुझे 78 किमान मर्यादेच्याही खाली, म्हणजे तुला निदान 90 वर आणणं कंपनीला सहसा भाग पडतं. खालच्या ग्रेडमध्ये बसलीस तर तेच 78 मर्यादेत अगदी व्यवस्थित बसतात. मग कागदोपत्री फरक उरतच नाही, कारण तिचं काम 'वरचं' आणि तुझं 'खालचं' ठरलेलं असतं. त्यावर तुझी सही असली की पुढे भांडायला फारसं काही उरत नाही.

तिचा पगार कापून तुझा वाढणार नाही. अशा वेळी जास्त पगार सहसा तसाच ठेवतात, फार तर काही वर्षं त्याची वाढ रोखतात. दरी बुजते ती खालून. त्यामुळे तिच्यावरचा राग मला पटत नाही. तिच्याशी बोल, तिच्या वर्णनात काय लिहिलंय ते विचार.

आता तुझं वर्णन नव्याने लिही. 'बिलं तपासते' एवढ्याने ग्रेड ठरत नाही. कुठल्या रकमेपर्यंतचं बिल तू स्वतः मंजूर करतेस, पुरवठादाराशी वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, नव्या माणसांना काम कोण शिकवतं, हे लिही. प्रत्येक गोष्टीला गेल्या वर्षभरातला एक ईमेल किंवा मंजुरीची नोंद जोड. साहेबांकडून ते बरोबर असल्याचं लेखी घे आणि मग एचआरला पाठव. सोबत दोनच प्रश्न विचार: माझी ग्रेड कोणती, आणि त्या ग्रेडच्या किमान मर्यादेपर्यंत मला कोणत्या तारखेला आणणार? 'टप्प्याटप्प्याने' एवढंच उत्तर आलं तर प्रत्येक टप्प्याची तारीख माग. त्या स्लिपचा उल्लेखही करू नकोस, नाहीतर ती तू कशी पाहिलीस यावरच चर्चा होईल.

वर्णन दुरुस्त होऊन आलं नाही तर शुक्रवारी सहीऐवजी 'या वर्णनावर माझी हरकत आहे, दुरुस्ती सोबत जोडली आहे' एवढं लिहून कागद परत दे आणि पोच घे.