थ्री म्हणताना जीभ नेमकी कुठे ठेवायची?

*प्रश्न: मी कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. मराठी माध्यमात शिकले. ‘थ्री’, ‘थर्ड’, ‘दॅट’ म्हणताना जीभ दातांत ठेवा असं सगळे सांगतात. मी ठेवते, तरी गोरे पाहुणे कधीकधी ‘ट्री?’ असं विचारतात. काय चुकतंय?*

जीभ बहुधा बरोबर जागी जातेय, पण तिथे जाऊन ती दार लावून घेतेय. आपला ‘थ’ म्हणून बघा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे घट्ट टेकतं, हवा क्षणभर कोंडते आणि मग फट्दिशी सुटते. म्हणून ‘थ’ लांबवता येत नाही. ‘थ्थ्थ’ करायला गेलात तर नुसता ‘अ’ लांबतो. ‘स’ मात्र दम संपेपर्यंत धरता येतो. इंग्रजीतला टीएच त्या बाबतीत ‘स’च्या जातीचा आहे, ‘थ’च्या नाही. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ट’लाही मागून हवेचा झोत असतो, त्यामुळे आपला फुटणारा ‘थ’ त्यांच्या कानाला ‘ट’च वाटतो. ‘दे’चं ‘डे’ होतं तेही याच कारणाने.

म्हणून ‘थ’पासून सुरुवात करूच नका, ‘स’पासून करा. आरशासमोर लांब ‘सssss’ धरा आणि तो न थांबवता जीभ हळूहळू पुढे सरकवा, टोक वरच्या दातांच्या कडेखालून दोन-तीन मिलिमीटर डोकावेपर्यंत. शिट्टीसारखा धारदार ‘स’ बोथट होत जातो आणि शेवटी फक्त फुंकरीसारखी घसर उरते. तोच तुमचा आवाज. जीभ सपाट, पसरट आणि सैल हवी. चावायची नाही, दातांवर दाबायचीही नाही. वरचे दात आणि जीभ यांच्यामधून हवा जाईल एवढी फट राहिली पाहिजे.

खात्री करायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी ओठांसमोर धरा. ‘थ’ म्हटलात तर ती एकदाच झटका खाऊन परत येते, खरा टीएच असेल तर आवाज चालू असेपर्यंत हलकी थरथरत राहते. पट्टी थरथरतेय पण ऐकणाऱ्याला ‘फ्री’ ऐकू येतंय, तर आरशात खालचा ओठ बघा. तो वरच्या दातांना लागत असणार. त्याला बोटाने जरा खाली धरून पुन्हा म्हणा. ‘सिंक’ ऐकू येत असेल तर जीभ अजून आतच आहे.

‘दॅट’, ‘दिस’, ‘दे’, ‘मदर’ यांत तोंडाची ठेवण हीच, फक्त घसा चालू. दोन बोटं कंठावर ठेवून फुंकर धरा आणि मध्येच गुणगुण सुरू करा, बोटांना कंप लागेल. कोणत्या शब्दात घसा चालू ठेवायचा याचा ढोबळ नियम असा: सुरुवातीला टीएच असलेल्या द, दिस, देअर, देन अशा छोट्या कामाच्या शब्दांत चालू; थिंक, थर्ड, थँक अशा अर्थाच्या शब्दांत बंद.

सराव शब्दाच्या शेवटापासून करावा असं माझं मत: बाथ, बोथ, टीथ. तिथे फुंकर हवी तेवढी लांबवता येते. मग तुमचंच रोजचं वाक्य घ्या: ‘युअर रूम इज थ्री-झिरो-थ्री, ऑन द थर्ड फ्लोअर.’ ‘इज’नंतर थांबलात की जीभ टेकते आणि ‘थ’ फुटतो. थांबू नका. ‘इज’च्या शेवटच्या गुंजनावरूनच जीभ पुढे सरकवा आणि घसा बंद करा. ‘थ्री’त फुंकर आधी लांब धरा, ‘थ्ssरी’, आणि मग जीभ मागे ओढून ‘र’ घ्या. घाई केली की मध्ये ‘इ’ घुसून ‘थिरी’ होतं. ‘ऑन द’मधला ‘न’ दातांना टेकूनच म्हणा, म्हणजे पुढच्या ‘द’साठी जीभ शोधावी लागत नाही. ‘द थर्ड’ सगळ्यात अवघड, कारण चालू घसा आणि बंद घसा पाठोपाठ येतात. ते सुटं दहा वेळा म्हणा, मग वाक्यात घाला.

वेगात बोलताना जीभ बाहेर दिसलीच पाहिजे असं नाही. इंग्रजी मातृभाषा असलेले अनेकजण ती दातांच्या मागेच ठेवतात. हवा कोंडली नाही म्हणजे झालं.

आणि सवय लागली की ती नको तिथेही डोकावते. थॉमस, थायलंड, थेम्स यांत साधा ‘ट’ आहे. अँथनी इंग्लंडमध्ये बहुतेक ‘अँटनी’, अमेरिकेत फुंकरीचा. पाहुण्याला थिवी स्टेशन सांगताना मात्र आपला घरचा ‘थ’च लावा, पाटीवर Thivim लिहिलंय म्हणून जीभ बाहेर काढू नका.