‘रद्द’, ‘अनामत’ आणि ६८ हजारांची तफावत

प्रश्न: मी फ्रीलान्स डिझायनर आहे. माझा करार इंग्रजीत आहे, पण सोलापूरचे टॉवेल कारखानदार म्हणतात, मराठीत द्या तरच सही करतो. पैशांचे टप्पे, कामाची मालकी आणि करार संपवायची कलमं अर्थ न बदलता मराठीत कशी आणायची?

मी सोलापुरातच कागदपत्रांची भाषांतरं करतो. वकील नाही, त्यामुळे शेवटचा मसुदा वकिलाला दाखवा. पण तुमच्यासारखंच एक प्रकरण माझ्या हातून गेलंय आणि त्यात पहिल्या खेपेला मी सपशेल चुकलो होतो, तेच सांगतो.

जुळे सोलापुरातली एक डिझायनर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, काम कॅटलॉग आणि पॅकिंगच्या डिझाइनचं. एकूण ८०,००० रुपये. सही करताना ३० टक्के म्हणजे २४,०००, कॅटलॉगचा पूर्ण कच्चा नमुना मंजूर झाल्यावर ४० टक्के म्हणजे ३२,०००, आणि छपाईच्या फायली दिल्यावर उरलेले २४,०००. मी भाषांतर केलं, दोनदा वाचलं, वाक्याला वाक्य जुळत होतं. मग सहज म्हणून एक लुटुपुटूचं भांडण रचलं. समजा, नमुना १ तारखेला दिला, मालकांनी काहीच कळवलं नाही, आणि १० तारखेला त्यांनी करार संपवण्याची १५ दिवसांची लेखी नोटीस दिली. नोटिशीच्या मुदतीत शेवटच्या टप्प्याचं निम्मं काम झालं. आता कुणी कुणाला किती द्यायचे?

डिझायनरने इंग्रजी प्रतीवरून हिशेब केला: नमुना आपोआप मंजूर, त्याचे ३२,०००, शेवटच्या टप्प्याचे निम्मे १२,०००, म्हणजे मालकांकडून अजून ४४,००० येणं. मराठी प्रत मी कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्या काकांना दिली. त्यांना इंग्रजी प्रत दाखवलीच नाही. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कॅल्क्युलेटरला हातही न लावता म्हणाले, “द्यायचं काही नाही की. उलट अनामतीचे चोवीस हजार त्यांनीच परत द्यायचे.” एका करारात ४४,००० येणं, दुसऱ्यात २४,००० देणं. ६८ हजारांची तफावत, आणि तीही माझ्या चार-पाच शब्दांमुळे.

पहिला शब्द ‘अनामत’. इंग्रजीत ‘नॉन-रिफंडेबल ॲडव्हान्स’ होतं, मी झोकात ‘अनामत रक्कम’ लिहून मोकळा झालो. पण मराठी माणसाच्या लेखी अनामत म्हणजे परत मिळणारी ठेव, मग ती घरभाड्याची असो नाहीतर वाचनालयाची. शेजारी ‘ना-परतावा’ असं लिहिलं होतं, ते काकांना विसंगत वाटलं आणि त्यांनी ओळखीचा शब्द खरा धरला. ‘इसार’ लिहावा तर तो जमिनीच्या व्यवहाराचा वास घेऊन येतो, आणि कोण फिरला यावर तो बुडणार की परत मिळणार हे ठरतं अशी लोकांची समजूत आहे. ‘उचल’ तर आपल्या भागात अजिबात नको. ऊसतोडीच्या टोळीपासून यंत्रमागापर्यंत उचल म्हणजे अंगावरचं कर्ज, काम करून फेडायचं. शेवटी साधं लिहिलं: “सही करताना क्लायंट २४,००० रुपये आगाऊ देईल. ही रक्कम एकूण मोबदल्याचाच भाग आहे. करार कोणत्याही कारणाने संपला तरी ती परत मागता येणार नाही.” शब्दाला शब्द नाही, पण परिणामाला परिणाम आहे. (इंग्रजीतही ‘कोणत्याही कारणाने’ आहे का, ते आधी तपासा. तुम्हीच काम अर्धवट सोडलंत तर परत करायचे असतील, तर मराठीतही तसंच यायला हवं.)

‘माइलस्टोन’ला ‘टप्पा’च म्हणा, ‘हप्ता’ नको. हप्ता तारखेला बांधलेला असतो, टप्पा कामाला. हप्ता लिहिलंत की काम पोचवूनही क्लायंट म्हणेल, महिना कुठे भरलाय?

दुसरी चूक मंजुरीच्या कलमात होती. इंग्रजीत होतं की ७ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर नमुना मंजूर झाला असं मानायचं. माझं मराठी: “क्लायंटने सात दिवसांत हरकत कळवावी.” ‘कळवावी’ ही विनंती झाली. न कळवल्यास काय, ते वाक्यातून गळून पडलं, आणि सगळा जोर तर तिथेच होता. दुरुस्त वाक्य असं: “नमुना ईमेलने पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ७ दिवसांत क्लायंटने लेखी हरकत न कळवल्यास, ७वा दिवस संपताच तो टप्पा मंजूर झाला असे धरले जाईल.” इंग्रजीत जिथे ‘शॅल’ आहे तिथे मराठीत ‘देईल’ किंवा ‘देणे बंधनकारक राहील’, आणि ‘मे’ असेल तिथे ‘देऊ शकेल’. ‘द्यावे’ दोघांच्या मध्ये लोंबकळतं. ‘रक्कम दिली जाईल’ हेही टाळा. कोण देणार ते त्यात नाहीसं होतं.

दिवस आकड्यांतच लिहा. आपल्या बोलण्यात आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. इंग्रजीतले १४ दिवस मराठीत सहज ‘पंधरवडा’ होतात आणि एक दिवस कुठेतरी सांडतो. ‘कामकाजाचे दिवस’ म्हटलं असेल तर कोणाच्या कामकाजाचे ते ठरवा, बँकेचे की कारखान्याचे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नोटिशीची मुदत संपत असेल, तर वाद तिथेच सुरू होतो.

तिसरा घोळ ‘रद्द’चा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महाग. ‘टर्मिनेट’ला मी ‘करार रद्द करणे’ लिहिलं, कारण तोंडात तेच बसलंय. पण तिकीट रद्द केलं की पैसे परत येतात, लग्न रद्द झालं की ते झालेलंच नसतं. काकांच्या डोक्यात हेच गणित होतं: रद्द म्हणजे मुळातूनच गेला, आता मागचं काही राहिलं नाही. टर्मिनेशनमध्ये करार त्या तारखेपासून पुढे थांबतो, मागचे हक्क आणि देणी जिवंत राहतात. म्हणून ‘संपुष्टात आणणे’ हा शब्द घेतला आणि लगेच पुढे लिहिलं: “करार संपुष्टात आला तरी त्या तारखेपर्यंत मंजूर झालेल्या टप्प्यांची पूर्ण रक्कम आणि चालू टप्प्यात झालेल्या कामाच्या प्रमाणात रक्कम देणे क्लायंटवर बंधनकारक राहील.” प्रमाण कसं मोजायचं हेही ठरवा. आम्ही तयार पानांच्या संख्येवर मोजलं, ४० पानांपैकी २० पानं झाली तर निम्मे पैसे. गोपनीयता आणि मालकीची कलमं नंतरही लागू राहतात, तेही कलमांचे क्रमांक देऊन नोंदवा, आणि मराठी प्रतीत क्रमांक हलले नाहीत ना ते पाहा. ‘लेखी’ नोटिशीत व्हॉट्सॲप धरायचं की नाही, हे इंग्रजीत नसेल तर दोन्ही प्रतींत घाला. आमचे मालक सगळा व्यवहार आवाजी संदेशातच करायचे.

आता मालकी. सोलापुरात ‘काय मालक’ ही हाक कुणालाही मारतात, करारात मात्र शब्द जपून वापरावा लागतो. इंग्रजी ‘वर्क’ला मी सगळीकडे ‘काम’ लिहिलं होतं. त्यामुळे “कामाची मालकी क्लायंटकडे जाईल” या वाक्यात काम म्हणजे मेहनत, फायली की कॉपीराइट, कळेना. इंग्रजीत मोठ्या अक्षरांनी व्याख्येतला शब्द ओळखू येतो, देवनागरीत ती सोय नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे केले: करून द्यायची ती ‘सेवा’, आणि त्यातून निघालेल्या फायली, चित्रं, मजकूर म्हणजे ‘तयार साहित्य’. पुढे सगळीकडे तेच दोन, जाड ठशात, पर्यायी शब्द शून्य. शाळेत शिकवलेला पुनरुक्ती टाळण्याचा नियम इथे विसरायचा.

‘असाइन’ला ‘सोपवणे’ लिहू नका. काम सोपवलं म्हणजे ते करायला दिलं, एवढाच अर्थ निघतो. ‘हस्तांतरित करणे’ म्हणा. आणि तुमचा नमुना इंटरनेटवरून घेतलेला असेल तर त्यात ‘वर्क मेड फॉर हायर’ सापडेल. मी याचं ‘भाड्याने केलेले काम’ झालेलंही पाहिलंय. ही अमेरिकन कायद्यातली कल्पना आहे, भाषांतराने ती इथे लागू होत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कृतीचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे मालकाचा, पण फ्रीलान्सरच्या कृतीचा त्याचा स्वतःचा. तो क्लायंटकडे जायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचं हस्तांतरण लागतं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ आणि कुठल्या प्रदेशात हे यावं लागतं. काळ लिहिला नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. टॉवेल परदेशात पाठवणाऱ्या कारखान्याला हे चालणार नाही. शिवाय क्लायंटने हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तो परत डिझायनरकडे जातो, करारात वेगळं म्हटलं असेल तर गोष्ट निराळी. म्हणून हे कलम भाषांतरित करत बसू नका. इंग्रजी आणि मराठी दोन्ही नव्याने लिहून घ्या.

फोटोंची गोष्ट उलटी आहे. कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो, वेगळा करार नसेल तर. तुमच्या कलमात “पूर्ण पैसे मिळेपर्यंत हक्क डिझायनरकडे” असेल आणि कॅटलॉगचे फोटोही तुम्हीच काढणार असाल, तर ‘छायाचित्रांसह’ हा शब्द विसरू नका.

हक्क कधी सरकतो, तेही नेमकं लिहा. “रक्कम दिल्यावर” आणि “रक्कम खात्यात जमा झाल्यावर” यांच्यामध्ये न वटलेला चेक बसतो. आम्ही लिहिलं: “त्या टप्प्याची पूर्ण रक्कम डिझायनरच्या खात्यात जमा झाल्यावर त्या टप्प्याच्या तयार साहित्यातील कॉपीराइट क्लायंटकडे हस्तांतरित होईल. नियमानुसार कापलेला टीडीएस मिळालेल्या रकमेत धरला जाईल.” दुसरं वाक्य दोन्ही प्रतींत नव्याने घातलं, नाहीतर टीडीएस कापला की ‘पूर्ण रक्कम’ कधीच जमा होत नाही.

राहिलं ते दोन प्रतींत तफावत निघाली तर कोणती खरी धरायची, याचं कलम. डिझायनरला इंग्रजी हवी होती. मी मराठी सुचवली, कारण सही करणारा माणूस जी वाचून सही करतो तीच प्रत प्रमाण असावी. दोन्ही समान असं लिहिणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण मग वादाला उत्तरच उरत नाही.

सुधारलेली प्रत घेऊन परत काकांकडे गेलो, तेच १ तारीख-१० तारखेचं भांडण मांडलं. या वेळी त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला. ४४,००० आले. मग म्हणाले, “पण चाळीस पानं म्हणजे मुखपृष्ठ धरून का सोडून?” ते आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. इंग्रजीतसुद्धा.