दशश्लोकीचा दहावा श्लोक

प्रश्न: ‘न भूमिर्न तोयं’ या स्तोत्रात एकेक करून सगळंच नाकारलं आहे. मग शेवटी नेमकं उरतं काय? शून्य?

परंपरेने आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेली ही ‘दशश्लोकी’ मी प्रथम पाठ केली ती केवळ चालीसाठी, कारण मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्तच इथे असल्याने ती मराठी जिभेवर सहज बसते. अर्थाकडे लक्ष गेले ते पुष्कळ उशिरा, आणि तेही तिसऱ्या चरणामुळे. पहिल्या दोन चरणांत बहुतेक ठिकाणी नकार येतात आणि चौथ्यात ‘तदेकोऽवशिष्टः शिवः केवलोऽहम्’, म्हणजे ‘उरलेला तो एकच, केवळ शिव, मी’ हे पालुपद येते. नकाराचे कारण मात्र तिसऱ्या चरणात असते, आणि भरभर म्हणताना नेमके तेच निसटते.

पहिल्या श्लोकात पंचमहाभूते, इंद्रिये आणि त्यांचा समूह नाकारला आहे तो ‘अनैकान्तिकत्वात्’, म्हणजे या गोष्टी अखंड सोबत राहत नाहीत म्हणून. गाढ झोपेत देहाचे भान मावळते, तरीही जागा झालेला माणूस ‘मला छान झोप लागली होती’ असे सांगतो. जे येते-जाते ते वजा करायचे आणि ज्याला वजा करता येत नाही ते पाहायचे, अशी ही रीत आहे.

गंमत अशी की ज्या झोपेचा आधार पहिल्या श्लोकात घेतला, तीच आठव्यात जागृती आणि स्वप्नाबरोबर नाकारली जाते. सातव्यात तर ‘न च त्वं न चाहं’, ‘तूही नाहीस, मीही नाही’, असे म्हणून लगेच पालुपदात ‘केवलोऽहम्’ येते. हा विरोध मला चूक वाटत नाही. नाकारलेला ‘मी’ हा ‘तू’च्या समोर उभा राहणारा आहे, दोघांपैकी एक गेला की दुसऱ्यालाही अर्थ उरत नाही. पालुपदातल्या ‘मी’ला असा जोडीदारच नाही.

शून्य उरते असे मात्र म्हणता येणार नाही, कारण दहाव्या श्लोकात ‘न शून्यं न चाशून्यम्’ असे स्पष्ट शब्द आहेत. त्याच श्लोकात ‘ते एकही नाही, मग दुसरे कुठून असणार’ असे विचारून ‘केवलत्व’ही नाकारले आहे. नऊ वेळा घोळवलेल्या पालुपदातले ‘एक’ आणि ‘केवल’ हे दोन्ही शब्द इथे बाद होतात, आणि ते पालुपदही या श्लोकात येत नाही. त्याच्या जागी ‘कथं सर्ववेदान्तसिद्धं ब्रवीमि’ असा प्रश्न आहे: सर्व वेदान्ताने सिद्ध केलेले ते मी कसे सांगू? म्हणजे तुम्ही विचारता त्याचे नाव घेऊन दिलेले उत्तर स्तोत्रात नवव्या श्लोकापर्यंतच आहे. दहाव्यात बोलणारा ते स्वतःच मागे घेतो.