मेनोपॉजनंतरचं दुखणं आणि नवऱ्याचा डायबेटीस: दोघांनी मिळून काय करायचं?

प्रश्न: बायको ५३ वर्षांची, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. जवळ गेलो की दुखतं म्हणते, आता तर नुसता हात ठेवला तरी अंग चोरते. मला बरीच वर्षं डायबेटीस आहे, माझंही मधेच सगळं ढिलं पडतं. तिची इच्छाच संपली का? वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर:

सोडून देऊ नका, आणि इच्छा संपली असा निकाल तर इतक्यात लावूच नका. मी पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लघवी न थांबणं, बाळंतपणानंतरचे त्रास आणि संबंधाच्या वेळी दुखणं, दिवसभर माझ्यासमोर हेच असतं. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी दुखायला लागलं, अंग चोरणं नंतर आलं. जी गोष्ट दर वेळी दुखते तिची इच्छा कोणाला होईल, तुम्हीच सांगा.

पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनीचं आतलं अस्तर पातळ, कोरडं होतं, त्याची ताण सहन करायची ताकद कमी होते. ओलावा येतो पण उशिरा येतो आणि पूर्वीइतका येत नाही. आतला आम्लपणाही कमी होतो, म्हणून काहींना वारंवार लघवीचं इन्फेक्शन होतं किंवा सारखं जावंसं वाटतं. आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे अंगातून वाफा येणं, घाम फुटणं हे बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं पण हा कोरडेपणा उपचार न करता आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. त्यामुळे "थोडे दिवस जाऊ दे, होईल ठीक" हे इथे चालत नाही.

आता दुखतं म्हणजे कसं दुखतं हे वहिनींना शांतपणे विचारा, बेडरूममध्ये नाही, एरवी कधीतरी, कारण त्यावर बरंच ठरतं. आग होते, खरवडल्यासारखं वाटतं, नंतर लघवी करताना चुरचुरतं असं असेल तर बहुतेक वेळा अस्तराचा प्रश्न असतो. तोंडाशीच अडतं, भिंत लागल्यासारखं वाटतं, तर स्नायू आवळले जातायत. आणि खोल आत, पोटात दुखतं असं असेल तर त्याचं कारण वेगळं असू शकतं, गर्भाशय, ओव्हरी वगैरे, ते तपासूनच कळतं. संबंधानंतर किंवा एरवीही रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी, पाळी जाऊन वर्ष उलटलंय ना, कोरडेपणामुळे असेल म्हणून सोडायचं नाही, लगेच गायनॅककडे जायचं.

बहुतेकींच्यात पहिले दोन प्रकार एकत्र असतात. अस्तरामुळे दुखायला लागतं, मग शरीर आधीच सावध होतं आणि ओटीपोटाखालचे स्नायू न सांगता आवळतात, आवळल्यामुळे अजून दुखतं. पुढे पुढे नुसता कमरेवर हात पडला तरी "आता हे तिथपर्यंत जाणार" म्हणून सगळं अंग ताठ होतं. तुम्हाला वाटतं ती तुम्हाला झिडकारतेय, पण ती पुढच्या दुखण्यापासून स्वतःला वाचवत असते.

आता तुमची बाजू. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्हीवर परिणाम होतो, त्यामुळे ताठरता यायला वेळ लागतो, जास्त स्पर्श लागतो, आणि ती टिकेलच याची खात्री राहत नाही. मग पुरुष काय करतो, आली की घाई करतो, जायच्या आत उरकायला बघतो. म्हणजे तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ हवा असतो तेव्हाच तुम्ही पूर्वीपेक्षा कमी वेळ देता. तुमची घाई तिला दुखवते, तिचा आखडलेला चेहरा बघून तुमचं ढिलं पडतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही अजून घाई करता. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जोडप्यांमध्ये हेच चक्र चालू होतं आणि दोघांनाही मनातून वाटत होतं की समोरच्याला आपण नकोसे झालोय.

एक जोडपं सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. ती पंचावन्नची, तो साठीचा, डायबेटीस आणि बीपी दोन्ही. घोरण्याचं निमित्त करून वेगळ्या खोल्यांत झोपत होते. तिने इंटरनेटवर बघून केगेल एक्सरसाइज सुरू केले होते, रोज आवळायचं, आणि त्रास वाढला होता. वाढणारच, कारण तिचे स्नायू आधीच आवळलेले होते, तिला सोडायला शिकायचं होतं. (केगेल सगळ्यांना सगळ्यासाठी सांगायची जी पद्धत पडलीये ना, तिचा मला फार राग येतो.)

तिच्या गायनॅकने तपासून योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. हे क्रीम संबंधाच्या आधी लावायचं वंगण नाही, बऱ्याच जणी तसं वापरतात आणि दोनदा वापरून "काही उपयोग नाही" म्हणून ट्यूब टाकून देतात. अस्तर पुन्हा भरायला वेळ लागतो, आठ ते बारा आठवडे धरून चाला. यातलं रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे गोळ्यांच्या हार्मोन थेरपीची भीती इथे तशीच लावू नका, पण ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ज्यांना हार्मोन नको त्यांच्यासाठी योनीचं मॉइश्चरायझर असतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो वा नसो, चेहऱ्याला क्रीम लावतो तसं. वंगण म्हणजे ल्युब्रिकंट वेगळं, ते त्या वेळेपुरतं, आणि दोघांनाही लावायचं. पाण्यावर आधारित असलेलं लवकर सुकतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. सुगंधी, गरम-थंड वाटणारं काही नको, पातळ अस्तराला ते झोंबतं.

मी तिला आधी फक्त श्वास शिकवला. आडवं पडून गुडघे वाकवायचे, श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं आणि त्याच वेळी खालचा भाग सैल सोडायचा, लघवी सुरू होताना सोडतो तसा. हे जमल्यावर डायलेटर, म्हणजे बोटासारख्या गुळगुळीत नळ्या, सगळ्यात बारीक आकारापासून. भरपूर वंगण लावून, दहा मिनिटं, एक दिवसाआड. जिथे ताण जाणवतो तिथे थांबायचं, ढकलायचं नाही, श्वास सोडत राहायचं, दोन-तीन मिनिटांत स्नायू ढिला होतो तो कळतो. दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखलं की बाहेर. दात आवळून पुढे गेलं तर शरीर पुन्हा तेच शिकतं की इथे दुखतं.

आणि या सगळ्या काळात संबंध पूर्ण बंद, हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. नवऱ्याचा चेहरा पडला, पण खरं सांगायचं तर त्यालाच याचा जास्त फायदा झाला. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकमेकांना हात लावायचा, पाठ, केस, पाय, सुरुवातीला छाती आणि खालचा भाग वगळून, आणि कितीही छान वाटलं तरी पुढे जायचं नाही. पुढे काही होणार नाही हे नक्की माहीत असल्यावर ती पहिल्यांदा अंग सैल सोडून पडली, आणि ताठरता दाखवायचीच नाही म्हटल्यावर त्याची मात्र आली, गेली, परत आली. गेलेली परत येते हे त्याला त्या वेळी समजलं, इतकी वर्षं तो गेली की उठून बाथरूममध्ये जात होता.

त्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली, बीपीची गोळी बदलता येते का बघितलं (काही गोळ्यांनी ताठरता कमी होते, पण स्वतःहून कुठलीही बंद करायची नाही), टेस्टोस्टेरॉन बघितलं, आणि हृदयाची तपासणी करून घेतली. हे शेवटचं तुम्ही पण करा, कारण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात आणि बिघाड आधी तिथे दिसू शकतो. मग सिल्डेनाफिल सुरू झालं. ते साधारण तासभर आधी घ्यायचं, भरपूर तेलकट-तुपकट जेवणावर घेतलं तर उशिरा चढतं, आणि नुसती गोळी घेऊन वाट बघत बसलं तर काही होत नाही, स्पर्श लागतोच. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखालची असो वा रोजची, चालू असेल तर हे औषध अजिबात नाही, बीपी धोकादायक खाली जातं. मित्राकडून किंवा डॉक्टरांना न विचारता दुकानातून घेऊ नका, याच कारणासाठी.

साधारण तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तिने वर बसून, म्हणजे किती आत आणि किती वेगाने हे तिच्या हातात. पहिल्या वेळी अर्ध्यात थांबले. आता कधी जमतं, कधी नाही, आणि नाही जमलं तर हाताने एकमेकांना सुख देतात, तेही चालतं त्यांना. रात्री तो दमलेला असतो म्हणून सकाळची वेळ ठरवली.

इच्छेबद्दल एवढंच की दुखणं गेलं तरी पंचविशीसारखी आपोआप ती उठेलच असं नाही. पुष्कळ बायकांना, आणि या वयात पुरुषांनाही, आधी स्पर्श आवडायला लागतो आणि इच्छा त्याच्या मागून येते. त्यामुळे "तुला इच्छा आहे का?" असं विचारलंत तर उत्तर नाही असंच येईल, "थोडा वेळ जवळ पडूया का, पुढे काही नाही" असं विचारून बघा, आणि पुढे काही नाही म्हणालात तर खरंच काही करू नका, एकदा जरी शब्द मोडलात तर ती परत अंग चोरेल. दुखणं गेल्यावरही काही महिने काहीच हललं नाही तर झोप आणि थायरॉइड बघा, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही बघा, त्या गोळ्यांपैकी काहींनी इच्छा आणि सुखाची जाणीव दोन्ही बोथट होते, आणि त्या बदलता येतात.

पहिलं काम म्हणजे वहिनींची गायनॅकची अपॉइंटमेंट घ्या आणि तुम्हीही बरोबर जा, दोघांच्या चालू गोळ्यांची यादी घेऊन. संबंधाच्या वेळी दुखतं हे वहिनींना बोलायला संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून द्या, आम्हाला सवय असते. आणि त्या तपासणीपर्यंत संबंध बंद, हे आज रात्रीच त्यांना स्पष्ट सांगून टाका.