अनुवादाचं शीर्षक: शब्दशः, वर्णनात्मक की नवं?

प्रश्न: इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करतेय, पहिलाच. निम्मा झालाय. शीर्षक शब्दशः केलं तर मराठीत काहीच कळत नाही, आशय सांगणारं दिलं तर अहवालासारखं वाटतं, आणि नवंच ठेवायला धीर होत नाही. प्रकाशक जाहिरातीसाठी याच आठवड्यात शीर्षक मागताहेत. तुम्ही कसं ठरवता?

उत्तर:

या आठवड्यात शीर्षक देऊ नका. जाहिरात अडली असेल तर मूळ नाव तसंच छापून खाली 'मराठी अनुवाद लवकरच' म्हणायला सांगा. तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझं सगळ्यात मोठं नुकसान नेमकं तिथेच झालं, ते पुढे सांगतो.

तीन प्रकारांतला एक आधी निवडायचा आणि मग शब्द शोधायचे, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. मूळ शीर्षक त्या पुस्तकात काय काम करतं ते आधी बघावं लागतं. मी अनुवाद करताना कडेला खुणा करत जातो: शीर्षकातले शब्द किंवा त्यातली प्रतिमा मजकुरात कुठे येते, कोणाच्या तोंडी येते, पहिल्यांदा कधी आणि शेवटची कधी. निम्मं पुस्तक झाल्यावर ही यादी निम्मीच असते, आणि बहुतेक वेळा महत्त्वाची जागा उरलेल्या निम्म्यात असते. शीर्षक लवकर देऊ नका म्हणतो ते यासाठी.

'लिटल विमेन' घ्या. युद्धावर गेलेले वडील पहिल्याच प्रकरणातल्या पत्रात मुलींना याच शब्दांनी हाक मारतात. शब्दशः 'छोट्या स्त्रिया' केलं तर मराठीत ना मुली दिसतात, ना बाया. शान्ता शेळक्यांनी 'चौघीजणी' ठेवलं. हे वर्णनात्मक शीर्षक आहे, पण अहवालासारखं मुळीच वाटत नाही, कारण 'जणी' हा घरात बोलला जाणारा शब्द आहे. त्या पत्राशी असलेला धागा सुटतो हे खरं. पण कादंबरी त्या पत्रावर उभी नाही, चार बहिणींच्या एकत्र असण्यावर उभी आहे, आणि ते एकत्र असणं शीर्षकात आलं. तुम्हाला वर्णनात्मक शीर्षक कोरडं वाटत असेल तर दोष प्रकाराचा नसेल, शब्दांच्या पातळीचा असेल. 'संघर्ष', 'प्रवास', 'गाथा' असले शब्द काढून बघा. पात्रं एकमेकांशी बोलताना जे शब्द वापरतात त्यांतून काही मिळतं का ते बघा.

शब्दशः जाणारं शीर्षक कधी साधतं? मराठी शब्दाला मूळ शब्दाइतकेच पदर असतील तेव्हा. 'द यर्लिंग'चं राम पटवर्धनांनी 'पाडस' केलं. मूळ शब्दाचा अर्थ वर्षभराचं जनावर. कादंबरीत हरणाचं पिल्लू आहे आणि ते पाळणारा मुलगाही आहे, शीर्षक दोघांनाही लागू पडतं. 'पाडस' हरणाचंही असतं आणि मायेनं लेकरालाही म्हणतात. वर्षाचा हिशेब तेवढा गेला. असा शब्द हाताशी असताना नवं शीर्षक शोधत बसणं मला पटत नाही.

नव्या शीर्षकाचा धीर होत नाही म्हणता, तर 'एका कोळियाने'कडे नीट बघा. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा पु. लं.नी केलेला अनुवाद. 'म्हातारा आणि समुद्र' सहज करता आलं असतं आणि ते चूकही ठरलं नसतं. पण 'एका कोळियाने' म्हटलं की शाळेत पाठ केलेली कविता कानात वाजते, 'एका कोळियाने एकदा आपुले जाळे बांधियेले उंच जागी'. तिथला कोळी जाळं विणणारा कीटक, इथला मासे धरणारा माणूस. शिवाय हे वाक्य अर्धवट आहे. कोळियाने काय केलं, हे ऐकायला वाचक आत येतो. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला माणूस पुन्हा होडी काढतो, ही मूळ गोष्ट, आणि ती त्या कवितेतल्या कोळ्याच्या चिकाटीशी जाऊन भिडते. किंमतही मोजली आहे: म्हातारपण गेलं, समुद्र गेला, मूळ शीर्षकातला दोघांचा समोरासमोरचा तोल गेला. तरी माझ्या मते हा सौदा योग्य होता, कारण गेलेलं सगळं पहिल्या पानापासून मजकुरात आहेच. नवं शीर्षक ठेवताना मी हीच कसोटी लावतो. जे शीर्षकातून गेलं ते मजकुरात ठळक असेल तर जाऊ द्यावं. जे फक्त शीर्षकातच होतं ते घालवू नये.

('मोरूची मावशी', 'ती फुलराणी' यांची उदाहरणं लोक देतात, पण ती रूपांतरं आहेत. गाव, माणसं, बोली सगळं मराठी झाल्यावर शीर्षक बदलणारच. तुमची पात्रं परदेशातच राहणार असतील तर तेवढी मोकळीक घेऊ नका.)

सिनेमातलं एक उदाहरण मला फार उपयोगी पडलं. शांता निसळ यांची कादंबरी 'बेघर'. तिच्यावर जब्बार पटेलांनी १९८२ साली केलेला चित्रपट 'उंबरठा'. तोच हिंदीत 'सुबह'. गोष्ट एकच, सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. पण 'बेघर' तिची अंतिम अवस्था सांगतं, 'उंबरठा' तिचं ओलांडणं सांगतं आणि 'सुबह' त्यानंतरची आशा सांगतं. उंबरठ्याला हिंदीत शब्द नव्हता असं नाही, 'दहलीज' आहे, 'चौखट' आहे. तरी सकाळ निवडली आणि प्रेक्षकाला शेवटाकडे बघायची एक दिशा आधीच देऊन टाकली. मला 'उंबरठा' श्रेष्ठ वाटतं, कारण ते निकाल देत नाही. हे माझं मत आहे, वेगळं मत असणारे पुष्कळ भेटतील. पण तुमच्या यादीतल्या प्रत्येक पर्यायाला हा प्रश्न विचारा: हे शीर्षक गोष्टीतला कोणता क्षण निवडतंय? आणि तो क्षण वाचकाने स्वतः गाठायचा होता का?

आता माझ्या नुकसानीचं. पुस्तकाचं नाव देत नाही, प्रकाशनसंस्थेचंही नाही. एका कुटुंबाची कादंबरी होती. मूळ शीर्षक म्हणजे आजीचं स्वयंपाकघरातलं पालुपद, ताटात उरलेल्या अन्नाबद्दलचं. मी ते 'उरलंसुरलं' केलं होतं. शेवटच्या प्रकरणात वाटण्या होतात तेव्हा नात तोच शब्द उच्चारते आणि सगळी कादंबरी त्या एका शब्दावर वळते. अनुवाद निम्म्यावर असतानाच कार्यालयाने सूचीसाठी स्वतःच शीर्षक ठरवलं, आजीच्या कष्टांबद्दलचं, 'अशी नावं खपतात' म्हणून. मला सूची छापून आल्यावर कळलं. मी पत्रं लिहिली, फोन केले. संपादक म्हणाले विक्री विभागाला विचारा, विक्री विभाग म्हणाला मुखपृष्ठ तयार आहे, मग कोणीतरी म्हणालं मूळ हक्कधारकांची मंजुरी आली आहे, आता बदललं तर ती परत घ्यावी लागेल. मंजुरी कशाला दिली होती? नव्या शीर्षकाच्या इंग्रजी शब्दांना. शेवटच्या प्रकरणातल्या जागेबद्दल त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आयएसबीएन घेऊन झाला होता, हे आणखी एक कारण. शीर्षक बदललं की नवा क्रमांक घ्यावा लागतो हे खरं आहे, पण ते अशक्य काम नाही, पुस्तक छापायच्या आत तर नाहीच.

परिणाम काय झाला? आजी निम्म्या पुस्तकात मरते. वाचक शीर्षकावर विसंबून तिचीच गोष्ट वाचत होते, ती गेल्यावर 'पुस्तक रेंगाळतं' अशी तक्रार करत होते. परीक्षणंही आजीवरच आली. नातीचं ते शेवटचं वाक्य कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण तो शब्द मुखपृष्ठावर नसल्याने मजकुरात आल्यावर ओळखीचा वाटण्याचं कारणच उरलं नव्हतं. मला याचा राग अजून आहे. शीर्षक ही विक्रीची बाब आहे हे मान्य, पण पुस्तक शेवटपर्यंत न वाचलेल्या माणसाने ते ठरवू नये.

म्हणून मंजुरीसाठी शीर्षक पाठवताना नुसतं इंग्रजी करून कधीच पाठवू देऊ नका. 'एका कोळियाने'चं इंग्रजी केलं तर 'एका मच्छीमाराकडून' असं काहीतरी निघेल, आणि कोणताही परका हक्कधारक ते नाकारेल. सोबत चारपाच ओळींचं टिपण जोडा: शब्दांचा सरळ अर्थ, मराठी वाचकाला त्यातून आणखी काय ऐकू येतं, मजकुरात हे शब्द कोणकोणत्या प्रकरणात येतात, आणि तुम्हाला चालेल असा एक दुसरा पर्याय. टिपण तुम्ही लिहा, कार्यालयावर सोडू नका. मी आता तसंच करतो आणि हक्कधारक बहुधा समजून घेतात. अडवणूक झाली तर ती इकडच्या बाजूने होते.

करारात एक वाक्य घालून घ्या: 'अनुवादित शीर्षक अनुवादकाच्या लेखी संमतीने ठरेल व संपूर्ण हस्तलिखित सादर होण्यापूर्वी ते जाहीर केले जाणार नाही.' पहिलाच अनुवाद असेल तर संमतीऐवजी 'सल्ल्याने' यावर तडजोड करावी लागेल, पण दुसरा भाग सोडू नका. करारावर सही झाली असेल तर हेच ईमेलने लिहून त्यांच्याकडून होकार घ्या. मी वकील नाही, मोठी रक्कम गुंतली असेल तर जाणकाराला दाखवा.

तेच शीर्षक आधी कोणी वापरलं असेल तर काय, हा प्रश्न पुढे येईलच. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'देसी बॉइज' चित्रपटाच्या प्रकरणात तसं स्पष्ट केलं आहे. तरी गाजलेल्या पुस्तकाचं नाव उचलू नका. कायद्याच्या दुसऱ्या वाटांनी वाद होऊ शकतो आणि ग्रंथालयात गोंधळ तर होतोच.

शीर्षक पक्कं करण्याआधी त्याला विभक्ती लावून मोठ्याने बोला: 'पाडसमधला मुलगा', 'चौघीजणीतली ज्यो'. जीभ अडखळली तर लोक ते नाव आपोआप तोडून घेतील, आणि ते तुटलेलं नाव तुम्हाला चालेल का हे आधीच बघून ठेवा. आणि शीर्षक पूर्ण नवं ठेवलंत तर मूळ नाव आतल्या पानावर देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत छापून घ्या. मूळ नावाने शोधणाऱ्या वाचकाला तुमचा अनुवाद सापडायचा तो त्यावरूनच.