चार्जिंगला लावलेला मोबाइल, पॉवर बँक किंवा स्कूटरची बॅटरी पेटली तर पहिल्या दोन-चार मिनिटांत काय करायचे? पाणी ओतायचे की नाही?

मोबाइल आणि पॉवर बँक असेल तर प्लग काढून पाणी ओतावे, आणि भरपूर ओतावे. स्कूटरची बॅटरी असेल तर काहीही ओतत बसू नये. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि 101 किंवा 112 हा क्रमांक लावावा. एवढ्याच मजकुरावरून माझे आणि माझ्या साडूंचे गेली तीन वर्षे नीट बोलणे नाही, म्हणून पुढचे लिहितो आहे.

त्या मे महिन्यात मेहुणीचे कुटुंब आमच्याकडे कल्याणला राहायला आले होते. रात्री पावणेअकराच्या सुमारास सगळे हॉलमध्ये गाद्या घालून गप्पा मारत होते आणि साडूंची 20,000 एमएएचची पॉवर बँक गादीवरच चार्जिंगला लावलेली होती. आधी कुकरची शिट्टी होण्यापूर्वी येतो तसा फुसफुस आवाज आला, मग नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर, उग्र वास आला. पाहतो तर पॉवर बँक पुरीसारखी फुगलेली होती आणि तिच्या कडेच्या फटीतून पांढरा धूर निघत होता. बोर्ड हाताच्या अंतरावर, धुराच्या अलीकडे होता, म्हणून मी बटण बंद करून अडॅप्टर उपसला. तेवढ्या वेळात धुराची जागा ज्वाळेने घेतली होती, आणि ती मेणबत्तीसारखी नव्हे, भुईनळ्यासारखी एका बाजूला फेकली जात होती.

मी बाथरूमकडे धावलो, तर साडू ओरडले, ‘‘विजेची आग आहे, पाणी आणू नका!’’ आणि त्यांनी सासूबाईंच्या हातची गोधडी तिच्यावर टाकून वरून दाबली. साडू स्वतः वायरमन आहेत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे. ज्वाळा दिसेनाशी झाली आणि अर्धा मिनिट सर्वांना वाटले की झाले काम. मग गोधडीच्या मधोमध एक तपकिरी डाग उमटला, तो पसरत गेला, आणि त्यातूनच ज्वाळा वर आली.

साडूंचा नियम चुकीचा नाही, तो भलत्या ठिकाणी लावला गेला. बोर्ड, वायर किंवा प्लगमध्ये 230 व्होल्ट चालू असताना पाणी ओतणे म्हणजे मरण ओढवून घेणे, हे खरेच आहे. पण प्लग काढल्यावर हातात उरते ती जेमतेम चार-पाच व्होल्टची वस्तू. तिच्यापासून शॉक बसत नाही, धोका असतो तो तिच्या उष्णतेचा. लिथियम-आयन सेलमध्ये बिघाड झाला की आतला पातळ पडदा वितळतो, दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात आणि सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो. ही उष्णता आतल्या रासायनिक क्रियेतून येते, त्यामुळे वरून हवा कोंडली तरी ती थांबत नाही. उलट गोधडी, वाळू किंवा माती टाकली की उष्णता आतच राहते आणि शेजारचा सेलही त्याच वाटेने जातो. पाण्याचे काम ज्वाळा विझवण्यापेक्षा तो शेजारचा सेल थंड ठेवण्याचे आहे. साडूंनी नंतर शाळेतला पाण्यावर पेटणाऱ्या सोडियमचा प्रयोगही पुढे केला होता. त्याला उत्तर एवढेच, की या बॅटरीत लिथियम धातूचा गोळा नसतो, क्षार आणि संयुगे असतात.

पहिल्या तांब्यासरशी ज्वाळा बसली आणि लोक इथेच फसतात. मी थांबलो, आणि आतला दुसरा सेल फट्कन फुटून पुन्हा भडका उडाला. त्यानंतर मात्र मी दोन पावले मागे उभा राहून, तोंड बाजूला करून, दोन बादल्या सावकाश, न थांबता ओतल्या. बायकोने तोवर मुलांना जिन्यात नेले होते, आणि ते फार बरे केले, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात आणि ते घशाला आणि फुप्फुसांना भाजून काढतात. सगळे शांत झाल्यावर मी तो काळा ठोकळा सांडशीने घमेल्यात घालून गॅलरीत ठेवला आणि खिडक्या उघडल्या. चाळीस मिनिटांनी गॅलरीतून पुन्हा धूर! मग तो लोखंडी बादलीत पाण्याखाली बुडवून खाली मोकळ्या अंगणात नेऊन ठेवला, तो सकाळपर्यंत. विझलेली बॅटरी घरात ठेवू नये आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये. सोसायटीतला पावडरचा सिलिंडर जवळ असेल तर अवश्य वापरावा, तो ज्वाळा पाडतो आणि गादी-पडदे वाचवतो, पण सेल थंड करत नाही. पाणी त्यानंतरही लागतेच.

आता स्कूटर. साडूंनी त्याच वर्षी दिवाळीत काढता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर घेतली, आणि ती बॅटरी ते दुसऱ्या मजल्यावर आणून मुख्य दाराच्या आत, चपलांच्या रॅकशेजारी रात्रभर चार्ज करतात. माझा आक्षेप साधा आहे. त्या पॉवर बँकेत सुमारे 74 वॅट-तास ऊर्जा होती. दोन किलोवॅट-तासांची स्कूटरची बॅटरी म्हणजे तशा सत्तावीस पॉवर बँका एकाच पेटीत, एकमेकींना चिकटून. तिची पेटी बंद असल्याने बादलीचे पाणी सेलपर्यंत पोहोचतच नाही. सेल फुटून खोलीभर उडू शकतात, आणि सुरुवातीचा पांढरा धूर स्वतःच ज्वलनशील असल्याने बंद खोलीत साठून त्याचा स्फोट होऊ शकतो. अशी बॅटरी फुसफुसू लागली की आपल्या हातात उरलेला वेळ विझवण्याचा नसतो, तो बाहेर पडण्याचा असतो, आणि ती दारातच असेल तर बाहेर पडायची वाटच बंद होते. हे मी त्यांना तोंडावर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुम्ही बँकेतली माणसं, तुम्हाला बॅटरीतलं काय कळतं?’’

बाहेर पडताना जिना वापरावा, लिफ्ट नाही. वाटेतली दारे वाजवत जावे. मीटरजवळचा एमसीबी वाटेत असेल तरच पाडावा, त्यासाठी मागे फिरू नये. फोनवर ‘‘लिथियम बॅटरी पेटली आहे’’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे अग्निशमन दलाचे जवान त्या तयारीने येतात.

वर राहून गेलेले एक-दोन मुद्दे. बोर्ड धुराच्या पलीकडे असेल आणि एमसीबीही पाडता येत नसेल, तर पॉवर बँकेवरसुद्धा पाणी टाकू नये, बाहेर पडावे. पहिल्या बादलीनंतर गादी किंवा पडदा पेटलेलाच असेल तरीही तेच. नुसती फुगलेली, फुसफुसणारी वस्तू हातात धरून खिडकीकडे पळू नये, ती हातातच पेटते. धूर नाकातोंडात गेला असेल तर खोकला थांबल्यावरही दवाखान्यात दाखवून यावे. आम्ही गेलो नाही, आणि साडूंना दोन दिवस दम लागत होता, हे ते आजही मान्य करत नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांनी ती बॅटरी दाराजवळून हलवल्याचे मेहुणीकडून कळले. आता ती स्वयंपाकघरात, गॅस सिलिंडरच्या शेजारी चार्ज होते.